कोटा वाढवून मागणारं पत्र

पाण्याच्या पंपांचे सुटे भाग विकणारा एक घाऊक व्यापारी समजा. त्याच्या ऑर्डरी एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदल्या जातात आणि सेल्समनच्या मोबाईलमधलं अॅप वेगळंच. म्हणून रोज रात्री 2 वाजता एक प्रोग्रॅम पहिल्यातला पेंडिंग माल वाचून दुसऱ्यात भरतो. दोन्हींमधला दरवाजा म्हणजे एपीआय. त्यातून किती वेळा आत-बाहेर करायचं, यावर सॉफ्टवेअर कंपनीची मर्यादा असते: मिनिटाला 60 विनंत्या आणि दिवसाला 5,000. एकाच गिऱ्हाइकाने सर्व्हर अडवून धरू नये, म्हणून ती घातलेली असते.

हंगामात पेंडिंग 6,000 नगांवर गेलं आणि सकाळी तक्रारी सुरू झाल्या. काल पोचलेला माल अॅपमध्ये अजून पेंडिंगच. गंमत अशी, की चुका रोज यादीच्या शेपटाकडच्याच मालात! याचा अर्थ काम सुरू नीट होतं, मध्येच तुटतं. रात्रीच्या नोंदींत, 3 वाजून 10 मिनिटांनी, हे उत्तर सापडलं:

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
Retry-After: 8400
```

429 म्हणजे ‘फार विनंत्या झाल्या’. खालची ओळ सांगते, किती सेकंदांनी पुन्हा या. मिनिटाची मर्यादा ओलांडली असती, तर हा आकडा साठाच्या आत असता. 8,400 सेकंद म्हणजे 2 तास 20 मिनिटं, 3.10 मध्ये मिळवा, साडेपाच वाजतात. पहाटे साडेपाचला काय होतं? जागतिक प्रमाणवेळेचा, म्हणजे यूटीसीचा, दिवस बदलतो. संपला होता तो दिवसाचा कोटा, आणि तो दिवस आपला नव्हे, यूटीसीचा.

आता हिशेब जुळतो. आदल्या पहाटे साडेपाचपासून सेल्समननी 800 विनंत्या वापरलेल्या. रात्री 2 ते 3.10 या सत्तर मिनिटांत, मिनिटाला 60 प्रमाणे, 4,200. बेरीज 5,000, दार बंद. त्या 4,200 मधल्या 60 विनंत्या यादी आणण्यात गेल्या, कारण एका पानावर 100 नग येतात. उरलेल्या 4,140 मध्ये एकेका नगाचा तपशील आला. 1,860 नग राहूनच गेले.

अशा वेळी ‘मर्यादा फार कमी आहे, कृपया वाढवावी’ एवढंच लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण समोरचा सपोर्टवाला पहिलं विचारणार, किती? आणि दुसरं, रोज सगळं का आणता? दुसरा प्रश्न झोंबतो, कारण तो रास्त आहे. 6,000 नगांपैकी दिवसात फार तर 700 बदलतात. ‘या वेळेनंतर बदललेलेच द्या’ अशी सोय एपीआयमध्ये असेल, तर 7 पानं आणि 700 तपशील, एवढ्यात रात्रीचं काम उरकतं.

मग कोटा कशाला वाढवायचा? कारण पुसून टाकलेली ऑर्डर ‘बदललेल्या’ यादीत बहुधा येतच नाही. ती आपल्या अॅपमध्ये भुतासारखी पेंडिंग राहते. त्यासाठी आठवड्यातून एकदा संपूर्ण यादी ताडून पाहावी लागते. खरी मागणी तेवढीच, आणि पत्र असं होतं:

> स.न.वि.वि. आमचं पेंडिंग मालाचं सिंक रात्री 2 वाजता (20.30 यूटीसी) सुरू होतं आणि 3.10 ला दैनिक कोटा संपल्याने थांबतं. 429 च्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे. रोज फक्त बदललेले नग आणण्याचा बदल आम्ही केला आहे. आता रोज सुमारे 1,500 विनंत्या लागतात. मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण पडताळणीला 6,060 आणि दिवसाच्या वापराला 800 लागतात. म्हणून फक्त रविवारी (यूटीसी) दैनिक कोटा 7,500 करावा. मिनिटाची मर्यादा आहे तीच चालेल. 429 आल्यावर आम्ही सांगितलेल्या वेळेपर्यंत थांबतो.

शेवटचं वाक्य शोभेचं नाही. नकार मिळताच लगेच पुन्हा धडका मारणारे प्रोग्रॅम पुष्कळ असतात, आणि काही कंपन्या त्या धडकाही कोट्यातच धरतात. मिनिटाची मर्यादा न वाढवण्याचंही कारण आहे. 6,060 विनंत्यांना 101 मिनिटं पुरतात, म्हणजे पावणेचारच्या आत काम आटोपतं. सर्व्हरवरचा भार क्षणाक्षणाला किती पडतो ते मिनिटाच्या आकड्यावर ठरतं, त्यामुळे कंपनीला तोच वाढवणं जड जातं.

यावर कंपनी होकाराऐवजी उलट सुचवूही शकते: यादीच्या पानातच प्रत्येक नगाचा तपशील दिला तर? तसं झालं, तर संपूर्ण पडताळणी 60 विनंत्यांत, एका मिनिटात होते, आणि 7,500 चा विषयच उरत नाही.