बारा आठवडे, एकच पाणी
साप्ताहिक श्राव्यमालिकेची आखणी कशी करावी

मालिका करायची म्हटलं की बहुतेक जण पहिल्या भागाचा विचार करतात. पहिला भाग सगळ्यांनाच सुचतो. मालिकेचा खरा कस लागतो सहाव्या-सातव्या आठवड्यात. हाताशी असलेली माहिती तोवर संपलेली असते आणि प्रसारणाचा गुरुवार मात्र ठरल्या दिवशी येतोच. म्हणून आखणी करताना आधी सातव्या भागाकडे पाहावं, असं माझं मत आहे.

एक उदाहरण घेऊन बोलू. किल्ल्यांवर आठ-आठ मिनिटांची साप्ताहिक श्राव्यमालिका करायची आहे. ‘महाराष्ट्रातले किल्ले’ हा मालिकेचा विषय होऊ शकत नाही, कारण त्याला कडा नाहीत. पहिल्या भागात शिवनेरी, दुसऱ्यात राजगड, तिसऱ्यात तोरणा असं करत गेलं, तर प्रत्येक भागात तीच वाट, तोच दरवाजा, तीच तटबंदी आणि एखादी लढाई येते. ऐकणाऱ्याला चौथ्या भागापासून फक्त नावं बदलल्याचं जाणवतं. विषय असा निवडावा की प्रश्न एकच राहील आणि उत्तर दर आठवड्याला वेगळं येईल. ‘डोंगरावर शेकडो माणसं वर्षभर राहायची, तर ती पाणी कुठलं प्यायची?’ हा तसा प्रश्न आहे. मालिकेचं नाव ठेवू ‘गडाचं पाणी’.

आता बारा भागांची यादी करायला बसलं की पहिली अडचण लगेच कळते. सह्याद्रीतल्या बहुतेक गडांवर कातळात खोदलेली टाकी आहेत. म्हणजे गडांच्या नावांनी यादी केली, तर निदान सहा भागांचं उत्तर ‘टाकं’ हेच येणार. म्हणून यादी गडांची न करता पाण्याच्या रीतींची करावी आणि प्रत्येक रीतीला तिचा सर्वांत बोलका गड जोडावा. कातळातल्या टाक्यांसाठी शिवनेरी, कारण तिथली गंगा-जमुना टाकी लोकांना माहीत असतात. मोठ्या तलावांसाठी रायगड. तिथे गंगासागर आहेच, शिवाय हत्ती तलावाची गोष्ट आहे. हा तलाव अनेक वर्षं गळत असल्यामुळे त्यात पाणी टिकत नव्हतं. गळती बुजवल्यावर 2020च्या पावसाळ्यात तो भरला. एकाच गडावर एक तलाव पाणी धरतो आणि दुसरा सोडून देतो, यातच भागाचा प्रश्न तयार मिळतो. विहिरीवर पहारा ठेवायची रीत सांगायची तर पन्हाळ्याची तीन मजली अंधारबाव. दुरून आणलेलं पाणी म्हणजे दौलताबाद, कारण तिथे डोंगरातल्या तलावांचं पाणी मातीच्या नळांनी खाली आणलेलं होतं. भर समुद्रातलं गोडं पाणी म्हणजे सिंधुदुर्ग. देवळापाशी बांधलेली पुष्करणी म्हणजे हरिश्चंद्रगडाचं सप्ततीर्थ.

या यादीत कान्हेरीची लेणी घालायचा मोह होतो, कारण तिथली पाण्याची टाकी आणि त्यांना जोडणारे पाट अभ्यासण्यासारखे आहेत. पण कान्हेरी हा गड नाही. विषयाची कड एकदा मोडली की पुढच्या आठवड्यात पुण्याचा कात्रज तलाव येतो आणि त्यानंतर काहीही. कान्हेरी बाजूला ठेवावी.

शीर्षकाचा साचाही याच टप्प्यावर ठरवावा, कारण शीर्षक हीच भागाची परीक्षा असते. आपण साचा असा धरू: आधी गडाचं नाव, मग चार ते सात शब्दांचा एक प्रश्न. ‘शिवनेरी : कातळात पाणी मुरत कसं नाही?’ ‘रायगड : एक तलाव भरतो, दुसरा का गळत होता?’ ‘सिंधुदुर्ग : समुद्रात गोडं पाणी कुठून?’ ‘दौलताबाद : पाणी डोंगरातून गावात कसं आलं?’ नाव आधी ठेवायचं, कारण लोक नावानेच शोधतात आणि मोबाइलच्या पडद्यावर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते. भाग ऐकून झाल्यावर शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर श्रोत्याला दोन वाक्यांत देता आलं पाहिजे. देता येत नसेल, तर शीर्षक तरी चुकलं किंवा संहिता तरी. ‘पन्हाळ्याचं अद्भुत जलवैभव’ अशा शीर्षकाला ही परीक्षाच लावता येत नाही. ‘रहस्य’ हा शब्द तर मी सरसकट काढून टाकतो. तो वापरला की भागाने गुप्त भुयार दाखवलंच पाहिजे, अशी अपेक्षा तयार होते.

ठरावीक रचनेचं एक जुनं आणि मोठं उदाहरण म्हणजे श्याम बेनेगल यांची दूरदर्शनवरची ‘भारत एक खोज’. 1988 मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचे 53 भाग होते आणि त्यांत हजारो वर्षांचा पसारा होता. तरी प्रेक्षक हरवला नाही, कारण सुरुवातीचं ऋग्वेदातलं सूक्त, नेहरूंच्या भूमिकेतले रोशन सेठ आणि ओम पुरींचा आवाज या गोष्टी जागच्या जागी होत्या. बाकी काळ, पात्रं, वेशभूषा सगळं बदलत होतं. साच्याचं काम एवढंच. ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत हे दर वेळी नव्याने सांगावं लागू नये.

आपल्या आठ मिनिटांचा साचा साधा आहे. पहिल्या मिनिटात जागा आणि प्रश्न. पुढची तीन मिनिटं पाणी तिथे कसं येतं आणि कसं टिकतं. मग दीड मिनिट ‘सांगतात असं’, म्हणजे त्या पाण्याबद्दलची दंतकथा. तिला वेगळी जागा दिली की ती इतिहासात मिसळत नाही आणि सोडूनही द्यावी लागत नाही. रायगडाच्या गंगासागरात राज्याभिषेकासाठी आणलेल्या तीर्थांचं उरलेलं पाणी ओतलं आणि म्हणून हे नाव पडलं, अशी गोष्ट इथे बसते. त्यानंतर दीड मिनिट या पाण्याची मर्यादा, म्हणजे ते कधी आटतं, कशाने बिघडतं. शेवटच्या मिनिटात गडावर गेल्यावर नेमकं काय पाहावं आणि पुढच्या आठवड्याचा प्रश्न.

मराठीत सावकाश, कानाला सोसेल अशा गतीने बोललं तर मिनिटाला साधारण 120 शब्द होतात. आठ मिनिटांचे साडेनऊशे झाले, पण आवाज आणि विराम धरून संहिता साडेआठशे शब्दांवर थांबवावी. सिंधुदुर्गाच्या भागाची सुरुवात अशी लिहिता येईल:

(लाटांचा आवाज, सहा सेकंद. मग विहिरीत पोहरा आपटल्याचा आवाज.)

निवेदक : मालवणच्या किनाऱ्यावरून होडीत बसलं की थोड्याच वेळात सिंधुदुर्ग येतो. कुरटे बेटावरचा किल्ला. शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला सोळाशे चौसष्ट साली. चहूकडे समुद्र. घोटभर पाणी तोंडात घेतलं तर थुंकावं लागेल. आणि आत तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तिन्हींचं पाणी गोडं. (विराम) समुद्रात गोडं पाणी कुठून?

यात साल अक्षरांत लिहिलंय, कारण आकडा समोर असला की वाचणारा अडखळतो. वाक्यं तुटक आहेत, कारण कानाला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही. उत्तर अजून दिलेलं नाही.

उत्तराची तीन मिनिटं हाच या भागाचा गाभा आहे. मालवणात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. बेटावर पडलेलं पाणी जमिनीत मुरतं. खाली बाजूने समुद्राचं खारं पाणी आलेलं असतंच, पण खारं पाणी किंचित जड असतं. म्हणून गोडं पाणी त्यात पटकन मिसळत नाही, त्याच्यावर तरंगत राहतं. त्याचा मधे जाड, कडेला पातळ असा थर तयार होतो. घनतेतला फरक इतका असतो की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक हात असेल, तर हिशोबाने ते खाली चाळीस हात उतरलेलं असतं. प्रत्यक्षात खडक कसा आहे यावर हे कमी-जास्त होतं. विहीर या थरातच थांबली तर पाणी गोडं. फार खोल गेली किंवा भराभर उपसा केला, तर खालचं खारं पाणी वर चढतं. हीच या भागाची ‘मर्यादा’, त्यामुळे पुढचं दीड मिनिट वेगळं शोधावं लागत नाही. आकडे मात्र दोनच ठेवावेत. श्रोत्याच्या डोक्यात चाळीस हात राहिले तरी पुष्कळ झालं.

ध्वनिमुद्रणाचा काळ विषयच ठरवतो. ऑगस्टमध्ये प्रत्येक गडावर पाणी असतं, म्हणून तेव्हा गेल्याने काहीच कळत नाही. खरं पाहायचं ते मे महिन्यात: कोणतं टाकं तळाला गेलंय, कशात अजून बादली बुडते, कशावर शेवाळ धरलंय. शिवाय पावसाळी वाऱ्यात ध्वनिमुद्रण वाया जातं. म्हणून एप्रिल-मेमध्ये फिरून घ्यावं, पहिले चार भाग पूर्ण तयार ठेवावेत आणि जूनच्या पहिल्या गुरुवारी सुरुवात करावी. बारा भाग ऑगस्टअखेरपर्यंत जातात. एखादा भाग असा करून ठेवावा की तो कुठेही बसेल. होडी बंद पडते, निवेदकाचा घसा बसतो, तेव्हा तो कामी येतो.

मालिका बिघडत असल्याचं आधी संहितेतच दिसतं. ‘गडाचं पाणी’च्या सहाव्या भागात लढाईची गोष्ट दोन मिनिटांची झाली असेल, तर पाण्याबद्दल सांगण्यासारखं कमी सापडलंय, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी गोष्ट रंगवण्यापेक्षा तो गड बदलावा. प्रसारणानंतर ऐकणारे कुठे गळतात, याचा आलेख बहुतेक ठिकाणी पाहायला मिळतो. पहिल्याच मिनिटात घसरण असेल, तर शीर्षकाने विचारलेला प्रश्न सुरुवातीने उचलला नाही. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला असेल, तर समजावणं लांबलंय. शेवटच्या मिनिटात लोक जातातच, त्याची काळजी करू नये.

शेवटच्या भागाला गड नसावा. तो आज्ञापत्राचा असावा. रामचंद्रपंत अमात्यांच्या या अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथात दुर्गबांधणीबद्दल स्पष्ट ताकीद आहे. गडाची जागा घेताना आधी पाणी पाहावं, नसेल तर खडक फोडून टाकी-तळी करावीत आणि एक झरा पुरतो म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. आधीचे अकरा भाग ऐकलेल्या श्रोत्याला यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या गडावर खरं झालंय, ते ओळखता येतं. पहिल्या भागात ऐकवलं असतं तर त्याला तो नुसता उपदेश वाटला असता.

भाग बाराच असतील, हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावं आणि तेराव्यासाठी कितीही आग्रह झाला तरी थांबावं. कान्हेरीची टाकी बाजूला ठेवलेली आहेत. ती पुढच्या वर्षीच्या मालिकेला लागतील.