कॉलमच्या तळाशी अकरा टन

ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत द्रवासारखं वागतं आणि शटरिंगला बाहेर ढकलतं. एक घनमीटर काँक्रीटचं वजन सुमारे २.४ टन असतं. त्यामुळे साडेचार मीटर उंचीचा कॉलम एकदम भरला, तर तळाशी दर चौरस मीटरला जवळजवळ अकरा टन दाब येतो. कॉलम जाड आहे की बारीक, याने तो बदलत नाही, उंचीच मोजायची.

शिरड शहापूरसारख्या गावात मंगल कार्यालयाचा असा कॉलम घमेल्यांनी भरला, तर बराच वेळ जातो. खालचा थर तोवर आवळतो आणि दाब अकरा टनांपर्यंत पोहोचत नाही. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या सूत्रानुसार फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं सिमेंट वापरून तासाला दीड मीटर भरल्यास २५ अंशांना दाब सव्वाचार टनांच्या आसपास राहतो. मेच्या ४० अंशांत तो साडेतीनच्या खाली येतो, जानेवारीतल्या १२ अंशांच्या पहाटे साडेपाचच्या पुढे जातो. पंपाने मात्र कॉलम दहा मिनिटांत भरतो. तेव्हा सिमेंट आवळायला अवसरच मिळत नाही आणि ऋतू कोणताही असो, पुरे अकरा टन धरावे लागतात. व्हायब्रेटर खोल खाली सोडला तरी आवळू लागलेला थर पुन्हा पातळ होतो.

वेलर सगळीकडे दोन-दोन फुटांवर लावण्याची सवय घमेल्यांच्या काळातली असावी. पंपासमोर ती टिकत नाही. समजा कॉलमची बाजू ६० सेंटिमीटर आहे आणि दोन टोकांना टाय असलेला एक वेलर १.८ टन सुरक्षितपणे पेलतो. मग तळाशी दोन वेलरमध्ये २८ सेंटिमीटर, वरून तीन मीटर खोलीवर ४२ सेंटिमीटर अंतर चालतं. दीड मीटर खोलीवर हिशेबाने ८३ येतात, पण तिथे प्लायवुडच वाकेल म्हणून ६० च्या वर जाऊ नये. पहिला वेलर जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर असावा. याउलट दोन फुटांच्या सारख्या अंतरात खालून दुसऱ्याच वेलरवर सव्वातीन टन येतात, म्हणजे क्षमतेच्या १.८ पट.

शिवाय अंतर दुप्पट केलं की प्लायवुडचा बाक सोळापट होतो. म्हणून टाय शाबूत असतानाही कॉलमला पोट येऊ शकतं. एरवी टायचा नट सरकतो, पाचर निसटते किंवा टाय म्हणून वापरलेली बांधणीची तार ताणली जाते.

धोक्याची पहिली खूण कोपऱ्यातून पाझरणारं सिमेंटचं पाणी. ओळंब्याची दोरी आणि शटरिंग यांतलं अंतर तळाजवळ कमी होऊ लागलं, तर पंप तिथेच थांबवून माणसं बाजूला करावीत. फुगवटा दाबून परत आत जात नाही. काँक्रीट मऊ असेल तर ते काढून शटरिंग नव्याने आवळावं. घट्ट झालं असेल तर नंतर तासणं एवढंच उरतं, आणि तेही आतल्या सळ्यांवरचं कव्हर राखून.