ओव्हरनाइट ओट्स

ओव्हरनाइट ओट्स हा न शिजवता, रात्रभर थंड जागी भिजवून केलेला न्याहारीचा पदार्थ आहे. चपटे केलेले ओट्स, चिया बिया, दही आणि चिरलेली फळे बरणीत एकत्र करून तो करतात. या लेखात त्यातील स्थूल पोषकद्रव्यांचे, म्हणजेच मॅक्रोंचे, प्रमाण व त्याची गणना यांची माहिती दिली आहे. प्रथिने, कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ ही तीन स्थूल पोषकद्रव्ये मानली जातात.

ओट्स भिजवून न शिजवता खाण्याची पद्धत जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील वैद्य मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर यांनी १९००च्या सुमारास आपल्या रुग्णांसाठी तयार केलेल्या म्यूस्ली या पदार्थात ओट्स रात्रभर पाण्यात भिजवले जात. मात्र त्यात मुख्य घटक किसलेले सफरचंद हा होता. ओट्स जेमतेम चमचाभर असत.

== कृती ==

एका व्यक्तीसाठी ४० ग्रॅम कोरडे ओट्स, १५ ग्रॅम चिया, गायीच्या दुधाचे १५० ग्रॅम दही आणि सुमारे ६० मिलिलिटर पाणी बरणीत ढवळतात. दहा मिनिटांनी मिश्रण पुन्हा ढवळावे लागते, अन्यथा चियाच्या बाहेरील थरातून सुटणाऱ्या चिकट द्रव्यामुळे बिया एकमेकींना चिकटून तळाशी गोळा होतात. त्यानंतर बरणी झाकून शीतकपाटात सहा ते आठ तास ठेवतात. ५० ग्रॅम सफरचंद व ५० ग्रॅम केळे सकाळी चिरून घातल्यास फळे काळी पडत नाहीत.

== पोषकमूल्य ==

वरील प्रमाणाने केलेल्या एका बरणीतील अंदाजे मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत. कर्बोदकांच्या आकड्यात तंतुमय पदार्थांचा समावेश आहे.

| घटक | ऊर्जा (किलोकॅलरी) | प्रथिने (ग्रॅम) | कर्बोदके (ग्रॅम) | स्निग्ध पदार्थ (ग्रॅम) | तंतुमय पदार्थ (ग्रॅम) |
|---|---|---|---|---|---|
| ओट्स | १५२ | ५.३ | २७.० | २.६ | ४.० |
| चिया | ७३ | २.५ | ६.३ | ४.६ | ५.२ |
| दही | ९२ | ५.२ | ७.० | ४.९ | ० |
| फळे | ७१ | ०.६ | १८.३ | ०.३ | २.५ |
| एकूण | ३८८ | १३.६ | ५८.६ | १२.४ | ११.७ |

चियाची ख्याती प्रथिनांसाठी असली, तरी या बरणीतील प्रथिनांचा मोठा वाटा ओट्स व दही यांच्याकडून येतो. चियाचे खरे योगदान तंतुमय पदार्थांचे आहे. तिच्या ६.३ ग्रॅम कर्बोदकांपैकी ५.२ ग्रॅम तंतुमय असल्याने पचून शर्करेत रूपांतर होणारा भाग जेमतेम एक ग्रॅम उरतो. चियातील स्निग्ध पदार्थांत अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ गटातील मेदाम्ल प्रामुख्याने असते.

== गणनेतील चुका ==

भिजवल्याने ओट्सचे वजन वाढते, परंतु पाण्यात ऊर्जा नसल्याने पोषकद्रव्ये तेवढीच राहतात. ४० ग्रॅम ओट्सनी १०० ग्रॅम पाणी शोषले, तर त्यांचे वजन १४० ग्रॅम भरते. हे वजन कोरड्या ओट्सच्या कोष्टकात घातल्यास १५२ऐवजी सुमारे ५३० किलोकॅलरी हे चुकीचे उत्तर मिळते. म्हणून प्रत्येक घटक भिजवण्यापूर्वी तोलतात. चमच्याने मोजताना सपाट व शिगोशीग चमच्यातील फरकही लक्षात घ्यावा लागतो.

दुसरी चूक तंतुमय पदार्थांच्या बाबतीत होते. काही कोष्टकांत ते कर्बोदकांत धरलेले असतात, तर काहींत वगळलेले असतात. वरील बरणीतील कर्बोदके पहिल्या रीतीने ५८.६ ग्रॅम, तर दुसऱ्या रीतीने ४६.९ ग्रॅम भरतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत; मात्र एका घटकाचे मूल्य एका रीतीचे व दुसऱ्याचे दुसऱ्या रीतीचे घेतल्यास बेरीज निरर्थक ठरते.

== बदलांचा परिणाम ==

साय काढलेल्या दुधाचे दही वापरल्यास स्निग्ध पदार्थ साडेचार ग्रॅमच्या आसपास घटतात आणि ऊर्जा सुमारे ४० किलोकॅलरींनी कमी होते. प्रथिने जवळपास तेवढीच राहतात. म्हशीच्या दुधाच्या दह्यात स्निग्ध पदार्थ गायीच्या दह्यापेक्षा अधिक असतात. २० ग्रॅम मध घातल्यास सुमारे ६० किलोकॅलरी व १७ ग्रॅम कर्बोदके वाढतात. ही वाढ जवळजवळ पूर्णपणे शर्करेची असते. दही पाणी काढून चक्क्याच्या रूपात वापरल्यास तेवढ्याच वजनात प्रथिने वाढतात; निघून जाणाऱ्या पाण्याबरोबर दुग्धशर्करेचा काही भागही जातो.

== मर्यादा व दक्षता ==

कोष्टकातील मूल्ये सरासरी असतात. ओट्सचा प्रकार, दुधातील स्निग्धांश आणि फळाचा पक्वपणा यांनुसार ती बदलतात, त्यामुळे दशांशापर्यंतच्या अचूकतेला फारसा अर्थ नसतो. चिया म्हणजे सब्जा नव्हे. दोन्ही बिया पाण्यात फुगतात, परंतु त्या वेगळ्या वनस्पतींच्या असून त्यांची मूल्ये परस्परांसाठी वापरता येत नाहीत. कोरडी चिया गिळून वर पाणी प्यायल्यास ती अन्ननलिकेत फुगून अडकू शकते, म्हणून ती भिजवूनच खातात. मिश्रणाला बुरशी, फेस किंवा नेहमीच्या आंबटपणाहून वेगळा वास आल्यास ते टाकून देतात.