रविवारी रात्री पीसी चालू ठेवा

क्लिनिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शनिवारी दुपारी मॅनेजरची सूचना येते: ‘रविवारी रात्री 10 ते सोमवारी पहाटे 2 सिस्टीम मेंटेनन्स आहे. सर्वांनी सहकार्य करावे.’ सगळे अंगठ्याचं चित्र टाकतात आणि कामाला लागतात. सूचनेतली वेळ बरोबर आहे, पण सहकार्य म्हणजे काय, हे तिच्यात कुठेच नाही. मग रविवारी ओपीडी संपल्यावर रिसेप्शनवरची मुलगी रोजच्या सवयीने पीसी बंद करते, मावशी जाताना मेन स्विच खाली ओढतात, आणि रात्री दहाला घरून कनेक्ट होणाऱ्या आयटीवाल्याला एकही पीसी दिसत नाही. दोघींनीही आपलं काम चोखच केलेलं असतं.

अपडेट एका महिन्याने झालं तर काय बिघडतं, याचं उत्तर ब्रिटनमध्ये 2017 साली मिळालं. विंडोजमधल्या एका गंभीर त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्चला, मंगळवारी दिली होती. त्याच त्रुटीतून आत शिरणारा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस 12 मेला, शुक्रवारी पसरला. त्याने फायली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी पैसे मागितले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या 236 ट्रस्टपैकी 80 ट्रस्टचं काम विस्कळीत झालं. 595 जीपी प्रॅक्टिस, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांसारखी ठिकाणं, बाधित झाली. रद्द झालेल्या अपॉइंटमेंट 19,000 च्या वर असाव्यात, असा अंदाज नंतर काढला गेला. दुरुस्ती आणि हल्ला यांच्यामध्ये आठ रविवार गेले होते. त्यातल्या कुठल्याही एका रात्री ती दुरुस्ती बसवलेले पीसी या हल्ल्यातून वाचले असते.

रविवारच का, यालाही कारण आहे. मायक्रोसॉफ्टच्या दरमहाच्या दुरुस्त्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्र. बुधवार ते शनिवार हे चार दिवस पाहण्यासाठी मिळतात, आणि ते वापरावेत असं माझं ठाम मत आहे, कारण दुरुस्तीतच दोष असू शकतो. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज पीसी बंद पडले. ते अपडेट मायक्रोसॉफ्टचं नव्हतं, पण एकाच वेळी सगळीकडे काही बसवण्यातला धोका त्याने दाखवून दिला. म्हणून गुरुवारी एकाच पीसीवर अपडेट घ्यायचं, शक्यतो मॅनेजरच्या स्वतःच्या, आणि त्यावर शुक्रवार-शनिवार खरं काम करून पाहायचं: पावती छापायची, लॅबचं बारकोड लेबल काढायचं, जुना केस पेपर उघडायचा. सगळं सुरळीत असेल तरच रविवारची सूचना पाठवायची.

आता ती सूचना कशी असावी ते पाहू. समजा, क्लिनिकमध्ये आठ पीसी आणि एक सर्व्हर आहे आणि रविवारची ओपीडी दुपारी 1 ला संपते. मग मजकूर असा हवा: ‘रविवारी शेवटचा पेशंट गेल्यावर प्रत्येकाने आपलं काम सेव्ह करावं, सगळे प्रोग्रॅम बंद करावेत आणि साइन आउट करावं. पीसी बंद करू नये, फक्त मॉनिटर बंद करावा. मेन स्विच आणि यूपीएस चालू राहतील. रात्री 10 नंतर घरून कोणीही लॉगिन करू नये. लॅब आणि एक्स-रेच्या पीसीला हात लावू नये. सोमवारी सकाळी साडेआठची वेळ असलेल्यांनी आठला यावं.’ मावशी ग्रुपवर नसतील तर त्यांना तोंडी सांगावं आणि मेन स्विचवर चिठ्ठी चिकटवावी.

यातल्या ‘साइन आउट’ या शब्दाकडे लोक दुर्लक्ष करतात. स्क्रीन नुसती लॉक केली तर मागे बिलिंगचा प्रोग्रॅम उघडाच राहतो, आणि पीसी रीस्टार्ट झाला की अर्धवट नोंद जाते. आणि रीस्टार्ट टाळता येत नाही. विंडोज ज्या फायली स्वतः वापरत असते, त्या चालू असताना बदलता येत नाहीत. गंमत म्हणजे ‘मी रोज संध्याकाळी बंद करते’ हे उत्तर इथे पुरेसं नसतं. विंडोज 10 आणि 11 मध्ये नेहमीच्या Shut down ला सिस्टीमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो, म्हणजे सकाळी पीसी पटकन सुरू व्हावा. पूर्ण नव्याने सुरुवात Restart नेच होते. खात्री करायची तर Task Manager उघडून Performance मध्ये CPU वर Up time बघा. रोज बंद होणारा पीसीही तिथे अनेक दिवस चालू असल्याचं दाखवू शकतो.

रात्रीचा क्रम ठरलेला असतो. आधी सर्व्हरवरच्या पेशंटच्या नोंदींचा बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर घ्यायचा, त्यातली एखादी नोंद उघडून पाहायची आणि तो ड्राइव्ह काढून ठेवायचा. मग सर्व्हर, आणि तो नीट उठल्यावर बाकीचे पीसी. स्क्रीनवर Working on updates आणि टक्केवारी दिसते. ती बराच वेळ एकाच आकड्यावर थांबणं नेहमीचं आहे, तेवढ्यावरून बटण दाबून पीसी बंद करू नये. Undoing changes दिसलं तर दुरुस्ती बसली नाही आणि विंडोज मागे फिरतंय असं समजावं. तेव्हाही वीज तोडायची नाही. यूपीएस महत्त्वाचा तो इथे, कारण लाइट गेले की त्याच्या बॅटरीवर मोजकीच मिनिटं मिळतात. इन्व्हर्टर नसेल तर त्या रात्री एका वेळी दोनच पीसी घ्यावेत.

लॅबच्या अ‍ॅनालायझरला आणि एक्स-रेला जोडलेले पीसी वगळले, ते आळसाने नव्हे. त्यांच्यावरचं सॉफ्टवेअर यंत्राच्या कंपनीने विंडोजच्या ठराविक आवृत्तीवर तपासलेलं असतं. कंपनीच्या होकाराशिवाय ती आवृत्ती बदलली तर यंत्र आणि पीसी यांचं बोलणं थांबू शकतं. पण न बदललेला पीसी उघडाही सोडता येत नाही. त्याला इंटरनेटपासून आणि बाकीच्या पीसींपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवायचं, त्यावर ईमेल उघडायचं नाही आणि कोणाचाही पेन ड्राइव्ह लावायचा नाही. हेच विंडोज 10 वरच्या जुन्या पीसीलाही लागू होतं. त्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलेलं नसेल तर रविवारी रात्रभर चालू ठेवूनही त्याला नवी दुरुस्ती मिळणार नाही.

सोमवारी सकाळी गर्दी असते, म्हणून शनिवारीच दिवसाची अपॉइंटमेंट यादी कागदावर काढून ठेवावी आणि छापील पावतीपुस्तक काउंटरवर असावं. आठला आलेल्यांनी प्रत्येक पीसीवर तीन गोष्टी पाहायच्या: लॉगिन होतंय का, एक जुनी नोंद उघडतेय का, प्रिंट निघतेय का. पीसी सुरू झाला म्हणजे काम झालं असं नाही, कारण अपडेटनंतर बऱ्याचदा रुसतो तो प्रिंटर. Update history मध्ये कालची तारीख आणि यशस्वी झाल्याची नोंद हवी. एखाद्या पीसीवर बिलिंग अडलं तर त्याच पानावरून ते अपडेट काढता येतं. पण तसं करायचं की पावतीपुस्तकावर भागवायचं, हे कोण ठरवणार त्याचं नाव सूचनेतच असावं, आणि त्या माणसाचा फोन सकाळी आठला चालू असावा. बंद राहिल्यामुळे सुटलेला पीसी त्याच दिवशी ओपीडीनंतर घ्यावा, पुढच्या रविवारची वाट पाहू नये.