‘गणपतीनिमित्त बंद’ एवढं लिहून भागत नाही! सुट्टीची पोस्ट लिहिण्याआधी हा हिशोब करा

व्हिडिओत सुट्टीच्या पोस्टबद्दल मी दोन मिनिटं बोलले, पण तारखांचा हिशोब राहूनच गेला. तो इथे सविस्तर देते. वही-पेन आणि कॅलेंडर घेऊन बसा.

आधी माझी चूक सांगते. आमच्या दुकानातून कोकम आगळ, कुळथाचं पीठ, आंबापोळी असा माल ऑनलाइन जातो. सुरुवातीच्या वर्षी मी छान गणपतीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "गणेशोत्सवानिमित्त दुकान बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व." झालं, मी मखराच्या तयारीला लागले. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एका ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही बंद आहात ते कळलं. पण माझे पैसे गेलेत, माझं पार्सल कधी येणार ते कुठे लिहिलंय?" त्यांना गौरी जेवायच्या दिवशी सोलकढी करायची होती. आगळ पोहोचलं ते गौरी गेल्यावर. पैसे मी परत केले, पण त्या ताईंनी पुन्हा ऑर्डर दिली नाही.

तेव्हा कळलं की दुकान बंद असण्याचा लोकांना राग येत नाही. गणपतीत कोकणातलं दुकान बंद असणार हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांना फक्त आपल्या पार्सलची तारीख हवी असते. म्हणून ‘बंद’च्या तारखेपासून सुरुवात करायची नाही. ग्राहकाच्या हातात माल कधी पडायला हवा तिथून सुरुवात करायची आणि उलटं मोजत यायचं.

2025 चंच उदाहरण घेऊ. गणेश चतुर्थी होती बुधवारी, 27 ऑगस्टला. हरतालिका 26 ला. म्हणजे सणाचा माल सोमवारी 25 ला घरात हवा. आमच्याकडून मुंबई-पुण्याला एरवी चार कामाचे दिवस लागतात. पण गणपतीच्या तोंडावर चाकरमान्यांची गर्दी असते, अवजड वाहनांना महामार्गावर ठरावीक दिवस बंदी असते, आणि आपला माल वडखळला त्याच मुंबई-गोवा महामार्गाला लागतो. म्हणून मी दोन दिवस जास्तीचे धरते. झाले सहा. 24 चा रविवार सोडून 25 पासून मागे सहा दिवस मोजले की 18 ऑगस्ट, सोमवार येतो. त्या दिवशी पार्सल निघायलाच हवं. पॅकिंगला एक दिवस, म्हणजे ऑर्डर घ्यायची शनिवारी 16 ऑगस्टपर्यंत.

बघा, चतुर्थी 27 ची आणि शेवटची ऑर्डर 16 ची! त्यात 15 ऑगस्टची सुट्टी, 16 ला गोपाळकाला, 17 ला रविवार. म्हणून ही पोस्ट चतुर्थीच्या आठवड्यात टाकून उपयोगच नाही. ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच जायला हवी.

आता दुसरं टोक. 23 ऑगस्ट ते 3 सप्टेंबर दुकान बंद, 4 ला उघडणार. इथे बहुतेक जण लिहितात, "4 सप्टेंबरपासून डिलिव्हरी सुरू." आणि फसतात. का? 22 ऑगस्टपासून 3 सप्टेंबरपर्यंत तेरा दिवस ऑर्डरी येत राहतात. रोजच्या चार धरल्या तरी 52 होतात. घरचे दोघं बसून दिवसाला वीस पार्सलं होतात, म्हणजे तीन दिवसांचं काम. 4 आणि 5 ला चाळीस गेली. 6 ला अनंत चतुर्दशी, 7 ला रविवार. उरलेली बारा 8 सप्टेंबरला. तिथून चार दिवस, वर एक दिवस राखीव, म्हणजे 13 सप्टेंबर. ग्राहकाला सांगायची तारीख ही! कुणाला 9 लाच मिळालं तर तो खूशच होईल. उलटं झालं की मात्र फोन सुरू.

हिशोब झाला की लिहायला पाच मिनिटं लागतात. हे बघा:

"गणपतीआधी पार्सल हवं असेल तर 16 ऑगस्टपर्यंत ऑर्डर करा. 23 ऑगस्ट ते 3 सप्टेंबर दुकान बंद.
16 ऑगस्टपर्यंतची ऑर्डर: 25 ऑगस्टपर्यंत पोहोचेल.
17 ते 21 ऑगस्टची ऑर्डर: 22 ला निघेल, 30 ऑगस्टपर्यंत पोहोचेल. चतुर्थीआधी मिळेलच असं नाही.
22 ऑगस्टपासूनची ऑर्डर: 4 सप्टेंबरपासून क्रमाने निघेल, 13 सप्टेंबरपर्यंत पोहोचेल.
या तारखा मुंबई-पुण्यासाठी. राज्याबाहेर असाल तर ऑर्डरआधी विचारा. तोपर्यंत थांबायचं नसेल तर पार्सल निघण्याआधी कळवा, पूर्ण पैसे परत. सुट्टीत मेसेज रोज रात्री 8 नंतर बघू. गणपती बाप्पा मोरया!"

शुभेच्छा शेवटी का? इन्स्टाग्रामवर पहिली एक-दोन वाक्यंच दिसतात, बाकीचं झाकलं जातं. तिथे शुभेच्छा टाकल्या तर तारीख कुणी वाचतच नाही. ‘लवकरच’, ‘सुट्टीनंतर’ हे शब्दही काढून टाका, कारण प्रत्येक जण त्याचा आपल्या सोयीचा अर्थ काढतो. पोस्ट प्रोफाइलवर वर पिन करा. नुसतं स्टेटस ठेवू नका, ते 24 तासांत जातं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये Away message ला तारखा लावून त्याच ओळी टाका. आणि वेबसाइटवर ‘4 दिवसांत डिलिव्हरी’ असं लिहिलेलं असेल तर ते आधी बदला! पोस्टमध्ये एक आणि वेबसाइटवर दुसरं, असं झालं की ग्राहक वेबसाइटचाच स्क्रीनशॉट पाठवतो.

तो स्क्रीनशॉट साधा नाही बरं का. 2020 च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांत असं आहे की सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा पोहोचला तर परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. आपल्या हाताबाहेरच्या आपत्तीला सूट आहे. पण गणपतीची सुट्टी ही काही अचानक आलेली आपत्ती नाही, पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. म्हणून जी तारीख पाळता येईल तीच लिहा.

एक गोष्ट पोस्टने होत नाही. ज्यांनी आधीच पैसे भरलेत आणि ज्यांचं पार्सल अजून घरात आहे, त्यांना एकेकाला मेसेज करा, तोही पोस्ट टाकायच्या आधी. "ताई, तुमचं आगळ 18 ला निघतंय, 25 पर्यंत मिळेल." आणि 25 ला मिळणार नाही हे तुम्हाला 23 लाच दिसलं, तर 23 लाच कळवा. गौरीचं सामान दुसरीकडून आणायला त्यांच्या हातात वेळ राहतो.

2026 ची चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी आहे. म्हणजे आदल्या दिवशी रविवार, आणि माल शनिवारी 12 लाच पोहोचायला हवा. तुमच्या गावाहून किती दिवस लागतात ते गेल्या दहा पार्सलांवरून काढा, त्यातला सर्वांत उशिराचा आकडा धरा आणि मागे मोजा. तुमची शेवटच्या ऑर्डरची तारीख कोणती येते, ते कमेंटमध्ये लिहा. चुकत असेल तर मी सांगते.