रेषेचा सांधा नेमका कुठे?

आयपीसीसीच्या 2013 च्या अहवालात दोन आकडे शेजारी शेजारी होते. 1951 ते 2012 या काळात पृथ्वीचं सरासरी तापमान दर दशकाला सुमारे 0.12 अंश सेल्सिअसनं वाढलं. 1998 ते 2012 या काळात मात्र 0.05 अंशानंच. ‘तापमानवाढ थांबली’ म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळालं. खरं तर प्रश्न शाळेतल्या भूमितीचा होता: तापमानाच्या रेषेचा चढ 1998 मध्ये बदलला का?

अशा प्रश्नासाठी संख्याशास्त्रात तुकड्यांचं रिग्रेशन वापरतात. सगळ्या बिंदूंमधून एकच सरळ रेषा न काढता दोन रेषा काढायच्या, पण अट अशी की त्या एका बिंदूत जुळल्या पाहिजेत. हा सांधा म्हणजे ब्रेकपॉइंट. समीकरण छोटं आहे:

T = a + b·t + c·max(0, t − k)

इथे t म्हणजे वर्ष आणि k म्हणजे सांध्याचं वर्ष. सगळी करामत शेवटच्या पदात आहे. k = 1970 धरला, तर 1960 साठी ते पद शून्य, 1980 साठी 10 आणि 2000 साठी 30. म्हणजे सांध्याआधी चढ b, सांध्यानंतर b + c. विसाव्या शतकाच्या मध्याची तीसेक वर्षं तापमान जवळपास सपाट होतं, म्हणून b शून्याच्या आसपास येतो. c वर्षाला साधारण 0.017 अंश धरला, तर 2000 सालची रेषा 1970 च्या 30 × 0.017, म्हणजे अर्धा अंश वर पोचते.

पण 1970 कुठून आणायचं? k माहीत असेल तर a, b, c नेहमीच्या लघुतम वर्ग पद्धतीनं लगेच मिळतात. म्हणून उपाय सरळ आहे: k ला एकेक वर्ष देऊन पाहायचं. 1950 घ्या, रेषा बसवा, प्रत्येक वर्षाचं खरं तापमान रेषेपासून किती दूर पडलं ते मोजा, त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज लिहून ठेवा. मग 1951, 1952... असं पुढे. बेरीज जिथे सर्वांत कमी, तो सांधा. मात्र दोन्ही टोकांची काही वर्षं वगळायची. नाहीतर चार-पाच बिंदूंच्या जोरावर रेषा कुठेही वाकते.

या बेरजांचा आलेख काढला की दरीसारखा आकार दिसतो. दरी अरुंद आणि खोल असेल तर सांध्याचं वर्ष भरवशाचं. तळ रुंद आणि सपाट असेल तर ‘अमुक वर्षी’ म्हणू नये, ‘या काही वर्षांत कधीतरी’ एवढंच म्हणावं.

आता खरी मेख. शोधायला निघालं की कुठला ना कुठला सांधा सापडतोच, अगदी निव्वळ सरळ रेषेतही. कारण वरखाली होणाऱ्या बिंदूंमध्ये वाकलेली रेषा नेहमीच थोडी जास्त चपखल बसते. शिवाय k आपण आकड्यांकडे बघूनच निवडलेला असतो, त्यामुळे नेहमीची सार्थकता चाचणी फाजील उदार ठरते. त्यावर तोड अशी: एकाच चढाची सरळ रेषा घ्यायची, तिच्यावर प्रत्यक्षातल्याइतकेच चढउतार पेरायचे आणि हा खेळ हजार वेळा करून प्रत्येक वेळी तसाच सर्वोत्तम सांधा शोधायचा. सांधा नसतानाही बेरजेत एवढीच घट वारंवार दिसत असेल, तर आपला सांधा हा योगायोग मानायचा. चढउतार पेरताना एका वर्षाची ऊब पुढच्या वर्षात रेंगाळते, हेही धरावं लागतं.

1998 ची गफलत आणखी वेगळी होती. ते प्रबळ एल निनोचं वर्ष, नेहमीपेक्षा बरंच उष्ण. तिथून नवी रेषा सुरू केली की ती उंचावरूनच निघते आणि म्हणून सपाट दिसते. पण 1970 पासूनची रेषा 1998 पर्यंत आणून पाहिली तर दोन्ही टोकं जुळत नाहीत. मधे एक पायरी राहते. त्या वर्षी पृथ्वी एकाएकी एक पायरी वर चढली आणि मग थबकली, असं मानल्याशिवाय ती सपाट रेषा टिकत नाही. रेषा जुळल्याच पाहिजेत, ही अट नेमकी हीच चूक पकडते.

काहिल, राह्मस्टोर्फ आणि पार्नेल या संशोधकांनी 2015 मध्ये सांध्याची जागा आणि सांध्यांची संख्या दोन्ही आकड्यांनाच ठरवू दिली. सांधे निघाले साधारण 1912, 1940 आणि 1970 च्या सुमाराला. 1998 त्यात नव्हतं. त्यानंतर 2015 आणि 2016 या दोन्ही वर्षांनी लागोपाठ उष्णतेचे उच्चांक मोडले. 1998 पासूनची सपाट रेषा पुढे वाढवली तर ही वर्षं तिच्या बरीच वर पडतात.

2023 आणि 2024 च्या विक्रमी उष्णतेनंतर उलटा प्रश्न पुढे आला आहे: चढ आता वाढला का? ही वर्षंही आलेखाच्या टोकाशीच आहेत आणि 2023 मध्येही एल निनो होता. कसोटी तीच: रेषा सांध्यात जुळतात का, आणि दरी खोल आहे का.