अवकलज शून्य झाला, म्हणून उत्तर मिळालं का?

आज आपण कलनशास्त्रातलं एक जुनंच उदाहरण घेऊ. बारावीच्या वहीत ते कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. एका शेतकऱ्याकडे १२० मीटर लांबीचं कुंपण आहे. शेत नदीला लागून आहे, त्यामुळे नदीच्या बाजूला कुंपणाची गरज नाही. उरलेल्या तीन बाजूंना कुंपण घालून आयताकृती जागा बंदिस्त करायची आहे. जास्तीत जास्त क्षेत्रफळ कसं मिळवायचं?

नदीला समांतर असलेल्या बाजूला x म्हणू, आणि नदीकडून आत येणाऱ्या दोन बाजूंना प्रत्येकी y म्हणू. कुंपण संपूर्ण वापरायचं म्हणजे x + २y = १२०. यातून y = (१२० − x)/२ मिळतो. म्हणून क्षेत्रफळ

A = x(१२० − x)/२

इथपर्यंत कलनशास्त्र आलेलंच नाही, हे लक्षात घ्या. आपण फक्त शेताचं वर्णन चिन्हांत केलं. आता अवकलज, म्हणजे वर्गात ज्याला आपण डेरिव्हेटिव्ह म्हणतो तो काढू: A′ = ६० − x. तो शून्य धरला की x = ६०, y = ३० आणि क्षेत्रफळ १८०० चौरस मीटर. उत्तराखाली दोन रेघा मारून आपण मोकळे होतो.

पण शून्य का धरायचा? हा प्रश्न बहुतेक वेळा विचारायचा राहून जातो. थोडे आकडे घालून बघू. x २० असताना क्षेत्रफळ १००० आहे. x दोन मीटरनं वाढवला की ते १०७८ होतं, म्हणजे ७८ चौरस मीटरचा फायदा. आता x = ६० जवळ या. x ५८ केला तर १७९८, ६२ केला तरी १७९८. तेच दोन मीटर, पण फरक फक्त दोनचा. केप्लरनं १६१५ साली दारूच्या पिंपांच्या मापनावर पुस्तक छापलं, त्यात हेच निरीक्षण आहे: सर्वांत मोठ्या मापाच्या आसपास थोडं इकडेतिकडे झालं तरी फरक जवळजवळ जाणवत नाही. न्यूटन आणि लायब्निट्स तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

हे बीजगणितानं पक्कं करता येतं. x च्या जागी ६० + h लिहा. y होतो ३० − h/२, आणि गुणाकार केला की A = १८०० − h²/२ उरतं. h धन असो की ऋण, h² ऋण होत नाही. म्हणजे ६० पासून कुठल्याही बाजूला हललो तरी तोटाच. इथे मात्र आपल्याला खरोखर सिद्धता मिळाली.

आता उदाहरणात एकच बदल करू. नदीच्या जागी एक जुनी दगडी भिंत आहे, आणि ती फक्त ५० मीटर लांब आहे. कुंपण तेच, १२० मीटर. भिंतीपेक्षा लांब शेत हवं असेल, तर मागच्या बाजूचा उरलेला भागही कुंपणानं झाकावा लागेल. काय करावं?

सवयीनं सोडवणारा म्हणेल, x = ६०, क्षेत्रफळ १८००. पण भिंत ५० मीटरलाच संपते. मागे १० मीटरचं भगदाड राहील आणि गुरं त्यातून आत येतील. तेव्हा सूत्र दोन तुकड्यांत लिहायला हवं. x ५० पर्यंत असेल तर जुनं सूत्र चालतं. x त्याहून मोठा असेल तर मागे x − ५० मीटर कुंपण जास्त लागतं. मग x + (x − ५०) + २y = १२०, म्हणजे y = ८५ − x, आणि

A = x(८५ − x)

याचा अवकलज ८५ − २x. तो शून्य होतो x = ४२.५ ला, आणि क्षेत्रफळ येतं १८०६.२५. पहिल्यापेक्षाही जास्त! पण थांबा. हे सूत्र x ५० हून मोठा असतानाच खरं आहे. त्यात ४२.५ घातला तर मागच्या बाजूचं कुंपण होतं उणे ७.५ मीटर. म्हणजे साडेसात मीटर कुंपण आपण हवेतून आणलं, आणि त्याच्या जोरावर शेत मोठं दाखवलं.

तर दोन्ही सूत्रांनी आपापला शून्य दिला, आणि दोन्ही शून्य त्या त्या सूत्राच्या हद्दीबाहेर पडले. मग खरं उत्तर कुठे आहे? ते आहे x = ५० ला, जिथे भिंत संपते. तिथे y = ३५ आणि क्षेत्रफळ १७५० चौरस मीटर. ताळा करून बघा: x = ४८ ला १७२८, आणि x = ५२ ला १७१६. दोन्हीकडे कमीच.

त्या बिंदूला अवकलज किती आहे? डावीकडून येताना ६० − ५०, म्हणजे १०. उजवीकडे जाताना ८५ − १००, म्हणजे −१५. शून्य तर नाहीच. तिथे अवकलज अस्तित्वातच नाही, कारण आलेखाला कोपरा आहे. आणि कोपऱ्याचं कारण शेतातच दिसतं. भिंत असेपर्यंत लांबी एक मीटरनं वाढवायला एक मीटर कुंपण लागतं. भिंत संपली की त्याच एका मीटरला दोन मीटर लागतात. किंमत एकदम दुप्पट होते, म्हणून चढण एकदम उतरण होते.

तर्कशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर, मूळ विधान असं आहे: महत्तम बिंदू हद्दीच्या आत असेल *आणि* तिथे अवकलज अस्तित्वात असेल, *तर* तो शून्य असतो. आपण पाठ करताना 'तर'च्या आधीचं सगळं गाळतो. शिवाय विधान उलटंही फिरवतो. अवकलज शून्य असला म्हणजे तिथे महत्तम असतोच, असं मूळ विधान म्हणतच नाही.

म्हणून रीत अशी ठेवायची. आधी x कुठून कुठपर्यंत जाऊ शकतो ते लिहायचं. इथे ० ते ८५. मग उमेदवारांची यादी करायची: हद्दीत बसणारे शून्य, आलेखाचे कोपरे आणि दोन्ही टोकं. आपल्या शेतात शून्य एकही बसला नाही. उरले ०, ५० आणि ८५. क्षेत्रफळं ०, १७५० आणि ०. निवड करायला आता कलनशास्त्रही लागत नाही.

भिंतीची लांबी बदलून हेच घरी करून बघा. ती ६० मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर नदीचंच उत्तर येतं. ४० ते ६० मध्ये असेल, तर शेताची लांबी भिंतीइतकीच ठेवायची. ४० पेक्षा कमी असेल, तर भिंतीच्या पुढे जाणं फायद्याचं ठरतं आणि शेत चौरस होतं. ३० मीटरच्या भिंतीला बाजू ३७.५ येते. पण दरवेळी मागच्या बाजूचं कुंपण मोजायला विसरू नका. ते उणे आलं, की समजायचं, सूत्र आपल्या हद्दीबाहेर बोलतं आहे.